समोर कुणीच नसलेला इंटरव्ह्यू: सॉफ्टवेअर तुमचं काय वाचतं आणि त्याची तयारी कशी करायची

ऐरोली, घणसोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात फ्रेशर म्हणून किंवा वर्ष-दीड वर्षाच्या अनुभवावर अर्ज टाकला की हल्ली बऱ्याचदा फोन येतच नाही, सरळ मेल येतो की या लिंकवर जाऊन अमुक तारखेच्या आत तुमचा व्हिडिओ इंटरव्ह्यू रेकॉर्ड करा. लिंक उघडली की समोर कुणी माणूस नाही. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला तीसेक सेकंद मिळतात, मग रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि दोन मिनिटं स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बोलत राहायचं. याला वन-वे इंटरव्ह्यू म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी तुमच्या उत्तराला पहिला मार्क माणूस नाही तर सॉफ्टवेअर देतं.

मी ऐरोलीत भरतीचं काम करते, जास्त करून कस्टमर सपोर्ट आणि बॅक ऑफिसच्या जागा. त्यामुळे या व्हिडिओंची दुसरी बाजू रोज बघते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं, कारण मुलं तयारी करतात ती भलत्याच गोष्टीची. शर्ट कुठला घालू, हसू की नको, मागे पुस्तकं ठेवू का. आणि ज्याच्यावर मार्क मिळतात ते म्हणजे तुमचे शब्द, त्याची तयारी शून्य.

आधी आमच्या स्क्रीनवर काय दिसतं ते सांगते. उमेदवारांची यादी असते, नावापुढे एकूण स्कोअर किंवा वरचा-मधला-खालचा असा गट. नाव उघडलं की प्रत्येक प्रश्नाचा वेगळा स्कोअर, त्याच्याखाली तुमच्या बोलण्याचं टाइप झालेलं रूप म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, आणि बाजूला व्हिडिओ. आता खरं सांगायचं तर अर्ज ढिगाने आले असतील तर यादी स्कोअरप्रमाणे लावून वरून बघायला सुरुवात होते, आणि जागा भरल्या की खालचे व्हिडिओ उघडले जातीलच असं नाही. हे योग्य आहे का तो वेगळा विषय, पण असं होतं. आणि व्हिडिओ बघायला दोन मिनिटं लागतात, ट्रान्सक्रिप्ट वाचायला वीस सेकंद, त्यामुळे माणूससुद्धा आधी वाचतोच.

सॉफ्टवेअर आत काय करतं

कंपन्यांप्रमाणे फरक आहेत, पण सर्वसाधारण गाडी अशी जाते. तुमचा आवाज आधी मजकुरात बदलला जातो. मग तो मजकूर एका मॉडेलला दिला जातो, ज्याला आधी हजारो जुनी उत्तरं आणि त्यांना प्रशिक्षित माणसांनी दिलेले मार्क दाखवून शिकवलेलं असतं. प्रत्येक प्रश्न एखाद्या गुणासाठी लावलेला असतो, म्हणजे ग्राहकाशी वागणं, अडचण सोडवणं, टीममध्ये काम करणं असं काहीतरी, आणि मॉडेल अंदाज बांधतं की हे उत्तर त्या माणसांनी वाचलं असतं तर किती मार्क दिले असते. म्हणजे त्याला तुम्ही आवडला किंवा नाही आवडला असं काही नसतं, ते फक्त बघतं की चांगल्या उत्तरांमध्ये ज्या गोष्टी सापडतात त्या तुमच्या मजकुरात आहेत का.

चेहऱ्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पूर्वी काही सॉफ्टवेअर चेहऱ्याचे हावभावसुद्धा मोजायची. या धंद्यातली सगळ्यात माहितीतली अमेरिकन कंपनी हायरव्ह्यू, तिने जानेवारी 2021 मध्ये जाहीर केलं की चेहऱ्याचं विश्लेषण आम्ही काढून टाकलंय, कारण शब्दांच्या मानाने त्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्याआधी तिथे यावर बरीच टीका आणि सरकारदरबारी तक्रारही झाली होती. 2021 मध्येच जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली, तर चष्मा घातला, डोक्याला स्कार्फ बांधला किंवा मागे पुस्तकांचं कपाट दाखवलं की व्यक्तिमत्त्वाचे आकडे बदलत होते. युरोपियन युनियनमध्ये 2 फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या अशा सिस्टीमवर बंदीच आहे, काही थोडे अपवाद सोडले तर. आपल्याकडे तसा स्पष्ट नियम नाही, त्यामुळे तुमच्या लिंकमागचं सॉफ्टवेअर चेहऱ्याकडे अजिबात बघत नाही असं छातीठोक सांगता येणार नाही. पण जे तुमच्या हातात आहे आणि ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो ते शब्दच. मागे साधी भिंत, समोरून उजेड, नीट कपडे, एवढ्यावर तो विषय संपवा.

अजून एक गोष्ट वेगळी ठेवा, ती म्हणजे प्रॉक्टरिंग. परीक्षेत असतं तसं काही ठिकाणी नजर सतत बाजूला जातेय का, टॅब बदलला का, खोलीत दुसरा आवाज आहे का याची नोंद होते. हा स्कोअर नसतो, नावापुढे लागणारा इशारा असतो. तो लागला म्हणून कुणी आपोआप बाहेर जात नाही, निदान आमच्याकडे तरी नाही, पण मग रिक्रूटर तो व्हिडिओ संशयाने बघतो. उत्तर लॅपटॉपच्या मागच्या भिंतीवर चिकटवून वाचणारे यातच सापडतात, डोळे एका रेषेत डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात हो.

पहिलं काम: मेल नीट वाचणं

मेलमधून पाच गोष्टी कागदावर उतरवा. प्रश्न किती, विचाराला वेळ किती, उत्तराला किती, परत रेकॉर्ड करायची संधी आहे का, आणि शेवटची तारीख. परत रेकॉर्ड करायची सोय असली तरी बऱ्याचदा शेवटचंच रेकॉर्डिंग धरलं जातं, आधीचं चांगलं होतं म्हणून ते परत निवडता येत नाही, हे बटण दाबायच्या आधी वाचून घ्या. मुदतीपुढे जर यूटीसी वेळ लिहिली असेल तर रात्री 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:29. पण त्या भरवशावर राहू नका, शेवटच्या रात्री सगळेच लिंक उघडतात आणि काही अडकलं तर मदत करायला कुणी नसतं. मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी हे सगळ्यात बरं.

आणि इंटरव्ह्यूसाठी कुणी पैसे मागत असेल, रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉप डिपॉझिट, काहीही, किंवा व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवून इन्स्टॉल करा म्हणत असेल तर तो इंटरव्ह्यूच नाही, ब्लॉक करा आणि विषय सोडा.

दुसरं काम: प्रसंग गोळा करणं

इथे वेळ घालवा. खरी तयारी हीच आहे.

जाहिरातीतलं कामाचं वर्णन उघडा आणि त्यातली क्रियापदं बघा. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे, नोंदी ठेवणे, टीमसोबत समन्वय, वेळेत काम पूर्ण करणे. प्रश्न याच गोष्टींवरून येतात, आणि जास्त करून "एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही..." अशाच थाटात येतात. तर स्वतःच्या आयुष्यातले चार-पाच खरे प्रसंग काढा. नोकरी नसेल केली तर कॉलेजचा फेस्ट, मंडळाची वर्गणी, एनएसएसचा कॅम्प, मामाच्या दुकानात दिवाळीत बसलात ते, सगळं चालतं. एक प्रसंग दोन-तीन प्रश्नांना वळवता येतो त्यामुळे वीस उत्तरं पाठ करायची गरज नाही, आणि पाठ केलेलं उत्तर प्रश्न थोडा बदलला की गडगडतंच.

आता एक उदाहरण पूर्ण घेऊया. आमच्या ओळखीतला ओंकार, कळव्याला खारेगावात राहतो, बी.कॉम. झालाय, ठाण्यात एका मोबाइल सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सव्वा वर्ष काम केलं. त्याने ऐरोलीतल्या एका सपोर्टच्या जागेसाठी अर्ज केला होता. चार प्रश्न, तीस सेकंद विचाराला, दोन मिनिटं उत्तराला, एकदा परत रेकॉर्ड करायची मुभा. माझ्याकडे आला तेव्हा आम्ही सरावाला एकच प्रश्न घेतला: रागावलेल्या ग्राहकाला तुम्ही हाताळलंत असा एक प्रसंग सांगा. उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं, मी इथे त्याचा मराठी गोषवारा देते.

पहिल्या खेपेला तो म्हणाला, "मी नेहमी शांत राहतो. ग्राहक आपला देव असतो. सर्व्हिस सेंटरला रोज रागावलेले लोक यायचे, आम्ही त्यांचं ऐकून घ्यायचो, समजावून सांगायचो, आणि मग ते समाधानी होऊन जायचे. मला वाटतं संयम हा माझा मोठा गुण आहे." पंचेचाळीस सेकंदांत संपलं. चेहरा छान, आवाज छान, एकदम आत्मविश्वास.

मी म्हटलं आता व्हिडिओ विसर, हे फक्त कागदावर वाच. त्यात प्रसंग कुठाय? एकही ग्राहक नाही, एकही दिवस नाही, काय बिघडलं होतं ते नाही, "आम्ही" म्हणजे कोण ते नाही. मार्क देणाऱ्या माणसाला हे वाचायला दिलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं, दावा केलाय, पुरावा नाही. मॉडेल अशाच माणसांकडून शिकलंय, मग ते वेगळं काय म्हणणार.

"पण ताई, रोजचंच काम होतं ते, त्यात सांगण्यासारखं काय?" असं तो म्हणाला, आणि हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. म्हणून मी प्रश्न विचारत बसले. कुठला ग्राहक अजून आठवतो? तर एक बाई आठवल्या त्याला. त्यांच्या फोनचा डिस्प्ले बदलून दिला होता, घरी गेल्यावर वरच्या भागात टच चालेना, दुसऱ्या दिवशी त्या काउंटरवर येऊन सगळ्यांसमोर ओरडायला लागल्या, कारण त्याच फोनवर त्यांचे यूपीआयचे पैसे यायचे आणि त्यांचा घरगुती डब्यांचा धंदा होता. मग तू काय केलंस? आधी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं, जॉब शीट काढली, त्यांच्यासमोरच टच तपासला आणि चूक आमचीच आहे हे कबूल केलं. दुसरा डिस्प्ले स्टॉकला नव्हता, यायला दोन दिवस लागणार होते, ते खरं सांगितलं. मॅनेजरला विचारून सेंटरचा जुना फोन त्यांना वापरायला दिला, त्यात सिम घालून त्यांचं यूपीआय अॅप त्यांच्याचकडून सुरू करून घेतलं. रोज संध्याकाळी एक फोन करून पार्ट कुठवर आला ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोन मिळाला. शेवट काय झाला? त्या नंतर बहिणीचा फोन घेऊन परत आल्या. आणि अजून काही? हो, मग त्याने मॅनेजरला सुचवलं की डिलिव्हरीच्या आधी ग्राहकासमोरच पूर्ण स्क्रीनवर बोट फिरवून टच तपासायचा, आणि जॉब शीटवर तशी एक टिकमार्कची जागा आली.

बघा, एवढं सगळं होतं आणि तो म्हणत होता सांगण्यासारखं काही नाही.

तिसरं काम: दोन मिनिटांत बसवणं

इंग्रजीत सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला एकशेवीस-तीस शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत जेमतेम अडीचशे. आपण दोनशे शब्दांचंच उत्तर धरायचं, कारण अडखळणं होतंच आणि वेळ संपली की रेकॉर्डिंग अर्ध्या वाक्यात कापलं जातं, नेमका शेवट, म्हणजे काय निष्पन्न झालं तो भाग हरवतो.

वाटणी साधारण अशी करा. परिस्थिती पंधरा-वीस सेकंद, त्यात तुमची जबाबदारी काय होती ते एका वाक्यात. तुम्ही काय केलं याला पूर्ण एक मिनिट. शेवट काय झाला आणि नंतर काय बदललं याला वीस-पंचवीस सेकंद. मुलं नेमकं उलटं करतात, परिस्थितीच सांगत बसतात, फोन कुठला होता, बाई कुठे राहायच्या, आणि स्वतःच्या कामापर्यंत येईपर्यंत घड्याळ संपतं. ओंकारचंही दुसऱ्या खेपेला हेच झालं, सव्वा मिनिट नुसती बाईंची कहाणी.

मग तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिलं वाक्य प्रश्नाला थेट भिडणारं: मोबाइल सर्व्हिस सेंटरला काउंटरवर असताना दुरुस्तीनंतर फोन परत बिघडल्यामुळे रागावलेल्या एका ग्राहकाला मी हाताळलं. मशीनलाही कळतं विषय काय आणि माणसालाही. दुसरं म्हणजे "आम्ही"च्या जागी "मी". आपल्याकडे मी मी करणं बरं दिसत नाही म्हणून सगळे "वी डिड, वी टोल्ड" म्हणतात, पण कागदावर मग तुमचं काम कुठलं आणि मॅनेजरचं कुठलं ते कळतच नाही. मॅनेजरने परवानगी दिली तर तसं सांगा, मी विचारलं आणि त्यांनी परवानगी दिली, यात खोटेपणा काही नाही. तिसरं म्हणजे क्रम दाखवणारे शब्द, आधी, मग, त्यानंतर, शेवटी. ट्रान्सक्रिप्टमध्ये स्वल्पविराम, पूर्णविराम हे सॉफ्टवेअरच्या अंदाजाने पडतात, कधी पडतही नाहीत, त्यामुळे असे शब्द नसले तर सगळं एकमेकांत मिसळून खिचडी होते.

एक गोष्ट करू नका. इंटरनेटवर सल्ला असतो की जाहिरातीतले शब्द उत्तरात कोंबा. टीमवर्क, लीडरशिप, कस्टमर सेंट्रिक वगैरे. सिस्टीम अगदीच साधी असली तर कदाचित थोडाफार फायदा होईलही, पण त्यानंतर ट्रान्सक्रिप्ट माणूस वाचतो आणि त्याला ते लगेच कळतं. "टच त्यांच्यासमोर तपासला आणि चूक आमची आहे हे मान्य केलं" या वाक्यात जबाबदारी घेणं दिसतंच, वर जबाबदारी हा शब्द लावायची गरज नाही.

चौथं काम: मशीनला काय ऐकू येतं ते तपासणं

हे कुणीच करत नाही आणि हे फुकट आहे. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, भाषा भारतीय इंग्रजी निवडा आणि पूर्ण उत्तर बोला. फोन असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून नोट्समध्ये बोललात तरी चालेल. इंटरव्ह्यूचं सॉफ्टवेअर वेगळं असेल, चुका तंतोतंत त्याच होणार नाहीत, पण तुमचं बोलणं कुठे फाटतं त्याचा चांगला अंदाज येतो.

ओंकारचं असं केलं तर तीन ठिकाणी गडबड दिसली. वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज खाली जायचा आणि शेवटचे दोन-तीन शब्द गायब, म्हणजे "दुसरा डिस्प्ले यायला दोन दिवस लागतील" मधले "दोन दिवस"च नाहीत. "जॉब शीट" त्याने इतक्या घाईत म्हटलं की दुसरंच काहीतरी उमटलं. आणि सेंटर कुठल्या भागात होतं ते नाव घेतलं तिथे तर काहीही छापून आलं, आपल्या गावांची, रस्त्यांची, माणसांची नावं इंग्रजी मॉडेलला जड जातात. उपाय साधे आहेत. नाव गरजेचं नसेल तर घेऊच नका, "ठाण्यातलं एक सर्व्हिस सेंटर" पुरतं. महत्त्वाचा शब्द आणि आकडा यांच्या आधी पाव सेकंद थांबा. वाक्य लहान करा म्हणजे शेवटपर्यंत दम पुरतो.

उच्चार अमेरिकन करायला जाऊ नका, प्लीज. आवाजाचा मजकूर करणारी सॉफ्टवेअर सगळ्यांना सारखं ओळखत नाहीत हे खरं आहे. 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या, तर गोऱ्या अमेरिकन लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे साधारण 19 चुका आणि कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांच्या बोलण्यात 35. म्हणजे उच्चाराचा फटका बसू शकतो. पण ओढूनताणून आणलेल्या उच्चाराने तो कमी होत नाही, वाढतोच, कारण अर्धे शब्द एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या. तुमचा ठाण्याचा, कल्याणचा, साताऱ्याचा इंग्रजी उच्चार तसाच ठेवा, फक्त वेग कमी करा आणि शब्द पूर्ण करा.

खोलीचं म्हणाल तर मजकुराचे खरे शत्रू पंखा आणि रिकाम्या खोलीतला घुमणारा आवाज. पंखा बंद करा, गादी आणि पडदे असलेल्या खोलीत बसा, वायरचे साधे इअरफोन लावा, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि कपड्याला घासणार नाही असा. ओंकारच्या घरातून रेल्वेचे भोंगे ऐकू येतात, दुपारी दोन ते चारमध्ये त्याच्या मते जरा शांत, म्हणून तीच वेळ धरली. घरच्यांना सांगून ठेवा, कुकर आणि बेल दोन्हीचं. खोलीत कुणी बोललं तर त्याचे शब्दही तुमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये जाऊ शकतात.

पाचवं काम: प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

लॅपटॉप असेल तर लॅपटॉप, नसेल तर फोनवरूनही होतं, फक्त फोन हातात धरू नका, डब्यांच्या उतरंडीवर टेकवा, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीत. टीम्स, झूम, गुगल मीट जे काही उघडं असेल ते पूर्ण बंद करा, नाहीतर कॅमेरा त्यांच्याच ताब्यात राहतो आणि इंटरव्ह्यूच्या पानावर काळा चौकोन दिसतो. परवानगी आधी कधी नाकारलेली असेल तर क्रोममध्ये हे दोन पत्ते टाकून ती साइट ब्लॉक यादीत नाही ना बघा:

```
chrome://settings/content/camera
chrome://settings/content/microphone
```

नेटचा हिशोब करा. दोन मिनिटांचा बऱ्यापैकी दर्जाचा व्हिडिओ साधारण तीसेक एमबी होतो. तुमचा अपलोड वेग, डाउनलोड नाही अपलोड, 2 एमबीपीएस असेल तर तो चढायला दोनेक मिनिटं लागतील. काही साइट बोलत असतानाच चढवत जातात, काही नंतर. शेवटचं उत्तर झालं की टॅब लगेच बंद करू नका, सबमिट झालं असा मेसेज किंवा मेल येईपर्यंत थांबा. उत्तर दिलंय पण आमच्याकडे पोचलंच नाही अशी प्रकरणं येतात, त्यात बऱ्याचदा हेच झालेलं असतं. महावितरणचा भरवसा नसेल तर बॅटरी पूर्ण आणि फोनचा हॉटस्पॉट तयार.

जवळपास सगळीकडे एक सरावाचा प्रश्न मिळतो, त्याचे मार्क नसतात. तो सोडू नका, रेकॉर्ड करून परत ऐका.

मग खरा प्रश्न. तीस सेकंदांत पूर्ण उत्तर रचायला जाऊ नका, फक्त ठरवा की आपल्या प्रसंगांपैकी कुठला इथे बसतो, आणि कागदावर चार शब्द लिहा. ओंकारचे चार शब्द होते: टच, जुना फोन, रोज कॉल, टिकमार्क. कागद लॅपटॉपच्या पडद्याला खाली टेकवलेला, त्याकडे एखाददा नजर गेली तर काही बिघडत नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एक श्वास घेऊन मग बोला, पहिल्याच क्षणी बोललात तर पहिला शब्द कधीकधी कापला जातो. बोलताना अडलात तर गप्प राहून विचार करा, "बेसिकली, अॅक्च्युअली, यू नो" ने भरू नका, थोडी शांतता ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसत नाही पण बेसिकली प्रत्येक वेळेला छापला जातो. आणि उत्तर दीड मिनिटात संपलं तर थांबवायचं बटण दाबा, उरलेला वेळ भरायच्या नादात लोक स्वतःच्याच चांगल्या उत्तराची माती करतात.

मध्येच नेट गेलं किंवा पान अडकलं तर स्क्रीनचा फोटो काढा, वेळ लिहा, आणि मेलमध्ये दिलेल्या सपोर्टच्या पत्त्यावर आणि रिक्रूटरला त्याच तासात कळवा. लिंक परत उघडून देता येते, पण मुदत संपल्यावर चार दिवसांनी सांगितलं तर आमच्याही हातात फारसं नसतं. तोतरेपणा असेल, ऐकण्याची किंवा बोलण्याची काही अडचण असेल तर रेकॉर्ड करायच्या आधीच मेल टाका की मला जास्त वेळ किंवा माणसासोबतचा इंटरव्ह्यू हवाय. एवढं दोन ओळींत पुरे, आजाराचा पूर्ण इतिहास लिहायची गरज नाही. दरवेळी हो म्हणतीलच असं नाही, पण आधी सांगितलेलं असलं की स्कोअरकडे बघणाऱ्याला ते माहीत असतं.

स्कोअर किती मनावर घ्यायचा

निकालाचा मेल येतो, स्कोअर बहुतेक वेळा सांगत नाहीत. नकार आला तर तो सॉफ्टवेअरमुळे का जागा भरल्यामुळे हे बाहेरून कळायला मार्ग नाही. आणि या मशीनच्या मर्यादा खऱ्या आहेत. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका पत्रकार बाईंनी अशाच एका सॉफ्टवेअरला इंग्रजी मुलाखतीत जर्मन विकिपीडियाचं पान वाचून दाखवलं, ट्रान्सक्रिप्ट निव्वळ निरर्थक आलं, तरी त्यांना 73 टक्के जुळणी मिळाली. म्हणजे काही सिस्टीम शब्दांपलीकडे आवाजाच्या चढउतारावरही काहीतरी ठोकून देतात. त्यामुळे एका नकारावरून आपल्याला बोलताच येत नाही असा निष्कर्ष काढू नका, पण त्याच कामाच्या चार-पाच ठिकाणी याच पायरीवर थांबत असाल तर मात्र सरावाची ट्रान्सक्रिप्ट काढून कुणा ओळखीच्याला व्हिडिओ न दाखवता नुसती वाचायला द्या आणि विचारा, यात मी नक्की काय केलं ते कळलं का.

ओंकारला पुढच्या फेरीचं बोलावणं आलं. तिथे माणसं होती, आणि त्यांनी त्याचं ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवूनच सुरुवात केली: ती टिकमार्कची जागा जॉब शीटवर कुणी टाकली, मॅनेजर लगेच हो म्हणाले का, जुना फोन परत आलाच नसता तर काय केलं असतंस? प्रसंग खरा होता त्यामुळे उत्तरं होती त्याच्याकडे. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये जे सांगाल ते पुढच्या फेरीत खोदून विचारलं जाणार हे धरून चाला, म्हणून सबमिट केल्यावर त्याच दिवशी कुठल्या प्रश्नाला कुठला प्रसंग आणि कुठले आकडे सांगितले ते वहीत लिहून ठेवा, साइटवर तुमचा व्हिडिओ तुम्हाला परत बघायला मिळत नाही बहुतेक वेळा.